तहकूब ग्रामसभा, बंद पंप आणि पाहणी समिती : यात नेमके चुकले कोठे?

माळवाट

नमस्कार. आमच्या गावच्या ग्रामसभेत पाण्याच्या पंपावरून जे घडले ते सविस्तर लिहीत आहे. गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातले आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नसून पुढे काय करावे हे जाणून घ्यायचे आहे.

ओढ्याकाठच्या सार्वजनिक विहिरीत साडेसात अश्वशक्तीचा थ्री फेज पाणबुडी पंप आहे. तो माळावरच्या टाकीत पाणी चढवतो आणि तेथून गावात नळाने पाणी येते. ग्रामसभा गुरुवारी होती. आमच्याकडे मतदार अकराशेच्या आसपास आहेत, म्हणजे शंभर माणसे जमली की गणपूर्ती होते. गुरुवारी साठ-सत्तर जण आले, म्हणून सभा तहकूब करून सोमवारी ठेवली. शनिवारी रात्री वळवाचा वारा सुटला, वीज गेली आणि आली, आणि तेव्हापासून पंप बंद पडला. त्यामुळे सोमवारी चावडीसमोरच्या मंडपात दोनशेहून अधिक माणसे होती आणि कित्येक बायका रिकामे हंडे घेऊनच आल्या होत्या.

सरपंचबाईंनी पंपाचा विषय काढताच अण्णा उठले. अण्णा पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत आणि नियमांची पुस्तिका त्यांच्या पिशवीत कायम असते. त्यांचे म्हणणे असे की, तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, पंपाचा विषय त्या पत्रिकेवर नाही, सबब तो घेता येणार नाही. त्यावर माजी सरपंच तात्या म्हणाले, की मूळ पत्रिकेत शेवटचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ असा आहे आणि पंप त्यातच बसतो. अण्णांनी उत्तर दिले, की आयती वेळ म्हणजे गुरुवारची वेळ, आणि गुरुवारी पंप चालू होता. दोघेही एकमेकांकडे न पाहता अध्यक्षांना उद्देशून बोलत होते आणि अर्धा तास कोणीही मागे हटले नाही.

शेवटी ग्रामसेवकांनी सुचवले, की निदान पहिला विषय उरकून घेऊ, म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करू. त्या इतिवृत्तात नेमके असे वाक्य निघाले : ‘पंप दुरुस्तीचे देयक मंजूर करण्यात आले असून पंप सुस्थितीत चालू आहे.’ मंडपातून एकदम ओरड झाली. पंप बंद असताना तो चालू आहे असे आम्ही कायम कसे करायचे, असे लोक विचारू लागले. तात्यांनी ते वाक्य खोडून ‘बंद आहे’ असे लिहिण्याची मागणी केली. अण्णा म्हणाले, की खोडाखोड करणारा तुरुंगात जाईल. ग्रामसेवकांनी लाल कापडी बांधणीची ती वही मिटून कोपराखाली धरली आणि सभा संपेपर्यंत हात काढला नाही.

त्यानंतर खर्चाचा प्रश्न आला. ग्रामसेवक म्हणाले, तीन दरपत्रके लागतील. मोटर भरणाऱ्यांचे म्हणणे, मोटर पाहिल्याशिवाय दर देणार नाही. मोटर विहिरीतून काढायची तर तिवई, चेन पुली आणि चार माणसे लागतात, आणि ते काम सांगायला कार्यादेश हवा. कार्यादेशाला पुन्हा दरपत्रके हवीत. त्यातच तालुक्याच्या गावी मोटर भरणारा जवळचा कारागीर उपसरपंचांचा भाचा आहे, म्हणून तात्यांनी उपसरपंचांनी सभेतून उठून जावे असा आग्रह धरला. उपसरपंच म्हणाले, मी उठलो तर जाण्याचे कारण इतिवृत्तात लिहा. वही तर कोपराखाली होती.

आमचा पाणीवाला मागे उभा राहून दोन-तीनदा बोलू पाहत होता. तो शेजारच्या वाडीचा आहे आणि तिची ग्रामपंचायत वेगळी आहे. तो आपल्या मतदार यादीत नाही, त्यामुळे त्याला बोलता येणार नाही, असे अण्णांनी सांगितले आणि या एका गोष्टीवर तात्यांनीही त्यांना दुजोरा दिला.

मग तात्यांनी मुद्दा काढला, की मोटर जळाली याला पुरावा काय. त्यावरून तीन जणांची पाहणी समिती नेमली गेली. ती विहिरीवर जाऊन पाऊण तासाने परतली आणि तिने मोटर जळाल्याचे सांगितले. तेव्हा कोठे दुरुस्तीचा ठराव झाला. अण्णांनी त्याला लेखी हरकत दिली आहे. आता ग्रामसेवक म्हणतात, की हरकत असल्यामुळे ते गटविकास अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन मागवतील. गावाला पाणी नाही. तहकूब सभेत हा विषय घेता येत होता की नाही, आणि आता लवकरात लवकर काय करता येईल?

कृष्णाकाठ

गणपूर्ती शंभरची असते आणि तुमच्याकडे दोनशे लोक होते. एकदा गणपूर्ती झाली की ती सभा तहकूब राहत नाही, तर पूर्ण सभा होते. त्यामुळे कोणताही विषय घेता येतो. अण्णांना एवढे साधे सांगणारे कोणी नव्हते का?

निवृत्त_विस्तार

पंचायत विभागात विस्तार अधिकारी म्हणून माझी बरीच वर्षे गेली, म्हणून क्रमाने लिहितो.

कृष्णाकाठ यांनी गणपूर्तीचा आकडा बरोबर सांगितला आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती. अकराशेचे १५ टक्के १६५ होतात, म्हणून तेथे शंभर धरतात. मात्र सभा एकदा तहकूब झाली की नंतर कितीही लोक आले तरी तिचे स्वरूप बदलत नाही. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते आणि त्याचीच दुसरी बाजू अशी, की तीत नवा विषय घेत नाहीत. यामागचे कारण ध्यानात घ्यायला हवे. अट नसल्यामुळे दहा माणसेही ती सभा चालवू शकतात, आणि त्या दहा जणांनी गावाला न कळवलेला विषय मंजूर करू नये यासाठी हे बंधन आहे. म्हणून अण्णांचा मूळ मुद्दा खरा आहे. ‘आयत्या वेळचे विषय’ या ओळीत वाटेल ते बसवता आले तर त्या बंधनाला काही अर्थच उरणार नाही.

तरीही अण्णांची चूक झाली आणि ती निराळ्या ठिकाणी झाली. बंद पंप दुरुस्त करण्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतच नाही. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था चालू ठेवणे हे ग्रामपंचायतीचे नेहमीचे कर्तव्य आहे. पाणीपट्टीच्या खात्यात रक्कम असेल तर पंचायतीच्या सभेत निर्णय घेऊन काम सुरू करता येते, आणि पंचायतीची विशेष सभा एका पूर्ण दिवसाच्या नोटिशीवर बोलावता येते. शनिवारी रात्री पंप बंद पडला. रविवारी नोटीस काढली असती तर मंगळवारी निर्णय झाला असता. ग्रामसभेला नंतर खर्चाची माहिती द्यावी, म्हणजे पुरे. सोमवारी ज्यावर सर्वजण तीन तास भांडले, तो विषय त्या सभेपुढे यायलाच नको होता.

इतिवृत्ताबद्दलही सांगतो. मागील इतिवृत्त कायम करणे म्हणजे ‘मागच्या सभेत जे बोलले गेले ते बरोबर लिहिले आहे’ एवढेच मान्य करणे. मागच्या सभेच्या दिवशी पंप चालू असेल तर ते वाक्य खरेच आहे आणि आज पंप बंद पडल्याने ते खोटे ठरत नाही. येथे अण्णा बरोबर होते आणि तात्या चुकले.

एरंडवणे_सचिव

आमच्या सोसायटीतही अगदी हेच चालू आहे. बोअरवेलची मोटर वर्षात दुसऱ्यांदा गेली. कमिटीतले एक गृहस्थ ऑइल भरलेली मोटर घ्या म्हणतात, दुसरे पाणी भरलेली घ्या म्हणतात, आणि सर्वसाधारण सभेत त्यावर एकमत होत नाही. साडेसात अश्वशक्तीसाठी कोणत्या कंपनीचा पंप तुमच्याकडे टिकला, हे कृपया कळवावे. आमची इमारत सहा मजल्यांची आहे.

गुंडाळी

मी स्वतः मोटर भरण्याचे काम करतो. सचिवसाहेब, सहा मजल्यांना किती पंप लागेल ते बोअरची खोली आणि पाण्याची पातळी कळल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तेथे लिहीन.

माळवाट, तुमच्या लिखाणात मला एक गोष्ट खटकली आहे. वारा आला, वीज जाऊन आली आणि पंप थांबला, हे लक्षण मोटर जळाल्याचे कमी आणि एक फेज गेल्याचे जास्त वाटते. वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या की डीपीवरचा एखादा फ्यूज उडतो. मग तीनपैकी दोनच फेज येतात. पॅनेलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असेल तर तो मोटर सुरूच होऊ देत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पंप मेला असे वाटते, पण मोटर सुरक्षित असते.

म्हणून तीन प्रश्न विचारतो. पॅनेलवरचा लाल दिवा लागलेला होता का? पाहणी समितीने बटण दाबले तेव्हा काहीच हालचाल झाली नाही, की मोटर गुणगुणली? आणि समितीने पॅनेलचे दार उघडले होते का? पाणीवाल्याला तेथे बोलू दिले नाही, पण त्याला आज भेटून विचारा.

माळवाट

आज त्याला भेटून आलो. जे कळले ते वाचून तुम्हालाही वाईट वाटेल.

रविवारी सकाळी त्याने पॅनेल पाहिले होते. प्रिव्हेंटरचा लाल दिवा लागलेला होता. त्याने टेस्ट लॅम्पने पाहिले तेव्हा एका फेजला दिवा लागत नव्हता. डीपीचा फ्यूज गेला आहे हे त्याला तेव्हाच कळले आणि सभेत तो तेवढेच सांगू पाहत होता. वायरमनला त्याने निरोपही दिला होता.

पाहणी समितीत तात्यांचा एक माणूस, उपसरपंचांचा एक माणूस आणि दोन्ही बाजूंना चालेल असा एक तरुण होता, जो घरगुती वायरिंगची कामे करतो. बटण दाबून पंप सुरू होईना, तेव्हा पॅनेलच खराब आहे का हे पाहण्यासाठी त्या तरुणाने प्रिव्हेंटर काढून जोडणी डायरेक्ट केली. पाणीवाला तेथे पोचला तोवर मोटर गुणगुणत होती आणि समिती विहिरीच्या कठड्यावरून पाणी येते का ते पाहत होती. त्याने ओरडून बंद करायला लावले. तोपर्यंत पॅनेलमधून जळका वास येऊ लागला होता. तो वास घेऊनच समिती सभेत आली आणि मोटर जळाली हे प्रत्यक्ष पाहिल्याचे तिने सांगितले. ठरावातील वाक्य असे आहे : ‘पाहणी समितीने पंप प्रत्यक्ष चालू करून पाहिला असता मोटर जळालेली आढळली.’

संध्याकाळी वायरमनने फ्यूज बदलला. आता तिन्ही फेज येतात, पण पंप सुरू केला की पॅनेल लगेच ट्रिप होते.

गुंडाळी

मला हीच भीती होती. साडेसात अश्वशक्तीची मोटर नीट चालू असताना साधारण अकरा-बारा अँपिअर घेते. दोनच फेजवर उभी मोटर सुरू करायला गेले तर ती फिरत नाही, एका जागी अडकून राहते आणि त्याच्या कित्येक पट करंट ओढते. ती गुणगुण म्हणजे तोच करंट. डायरेक्ट करताना बहुतेक लोक ओव्हरलोड रिलेलाही वळसा घालतात, त्यामुळे तिला अडवणारे काहीच उरत नाही. काही मिनिटेही पुरतात.

मात्र मोटर जळालीच असे अजून धरू नका. मोटर वर काढण्याआधी विहिरीवरच केबलच्या टोकाला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र, लावून घ्या. गुंडाळी आणि अर्थिंग यांच्यामध्ये वाचन शून्याच्या जवळ आले तर मोटर किंवा केबल गेली असे समजा. वाचन चांगले आले तर पॅनेलमधला काँटॅक्टर किंवा रिले तपासा, कारण जळका वास तेथून आल्याचे तुम्हीच लिहिले आहे. काँटॅक्टर बदलण्याचा खर्च मोटर भरण्याच्या मानाने अगदी थोडा असतो.

मोटर काढावीच लागली तर भरणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. जुनी गुंडाळी काढून टाकण्यापूर्वी स्टेटरचा फोटो घ्या. स्टार जोडणीची मोटर एक फेज गेल्याने जळते तेव्हा तीनपैकी दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या पडलेल्या असतात आणि तिसरी कोरी राहते. डेल्टा जोडणी असेल तर उलटे होते, एकच जळते आणि दोन राहतात. पाण्याअभावी कोरडी चालून किंवा जास्त भाराने जळाली असेल तर तिन्ही सारख्या करपतात. उद्या कोणी म्हणाले, की मोटर शनिवारीच गेली होती, तर त्या फोटोवरून निदान कारण तरी सांगता येईल.

सावित्रीची_लेक

मी स्वतः ग्रामपंचायत सदस्य आहे. माळवाट, तुमच्या वर्णनात हंडे घेऊन आलेल्या बायकांपैकी एकीलाही कोणी विचारल्याचे दिसत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती झाली होती का? तेथे पाणी हा पहिला विषय असतो आणि पाणीवाल्याशी रोज बोलणाऱ्याही बायकाच असतात. आमच्या गावात पाणी किती वाजता सुटले, दाब का कमी आहे, पॅनेलवरचा दिवा कोणता लागला, हे सर्व टाकीजवळच्या घरांतल्या बायकांना पुरुषांच्या आधी कळते.

पाणीवाला मतदार नाही म्हणून त्याला बोलता येत नाही, हे मला मुळीच पटत नाही. तो पंचायतीचा कर्मचारी आहे. त्याने मत देऊ नये हे ठीक आहे, पण माहिती देण्यात काय आडकाठी होती?

निवृत्त_विस्तार

सदस्य ताईंचे म्हणणे योग्य आहे. ग्रामसभा मतदारांची असते, ठरावावर मत मतदारच देतात. पण ग्रामसेवकही पुष्कळदा त्या गावचे मतदार नसतात आणि तरी सभेचे सर्व कामकाज तेच चालवतात. अध्यक्षांनी ‘पाणीवाल्याने पंपाच्या स्थितीची माहिती द्यावी’ एवढे म्हटले असते तर अण्णांना हरकत घेण्यास जागा राहिली नसती.

भाच्याबद्दल थोडे लिहितो, कारण हा मुद्दा पुढे कोणीतरी नक्की काढील. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली तो अपात्र ठरू शकतो. केवळ नाते असणे आणि त्या धंद्यात भागीदारी किंवा फायदा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही माझा सल्ला असा आहे, की काम भाच्याला देऊ नये. गावात आधीच दोन तट आहेत आणि अपात्रतेचा अर्ज दाखल झाला की पंपाचा प्रश्न मागे पडेल.

दरपत्रकांच्या अडचणीतून वाट आहे. मोटर वर काढण्याची मजुरी आणि मोटर भरणे ही दोन कामे वेगळी धरा. मोटर काढण्याचे काम लहान आहे, ते पंचायतीच्या विशेष सभेत मंजूर करून लगेच होईल. मोटर वर आली की तीन कारागिरांना ती एकाच दिवशी दाखवून दर घ्या. भरण्याचा दर बहुतेक ठिकाणी अश्वशक्तीवर ठरलेला असतो, त्यामुळे दरपत्रके यायला वेळ लागत नाही.

कृष्णाकाठ

गणपूर्तीबद्दलचे स्पष्टीकरण मान्य आहे. पण मग सोमवारचा ठरावच बेकायदा ठरतो आणि पाहणी समितीही बेकायदा ठरते. तसे असेल तर मोटरचा खर्च समितीच्या तिघांकडून वसूल करायला हवा.

गुंडाळी

त्या तरुणाकडून वसूल करण्याला माझा विरोध आहे. अर्धवट माहितीने त्याने चूक केली हे खरे, पण त्याला तेथे सभेनेच पाठवले होते आणि ज्याला माहिती होती त्याला सभेनेच गप्प बसवले.

निवृत्त_विस्तार

वसुलीबद्दल येथे कोणी ठाम सांगू नये. समिती अधिकृत होती का, नुकसान कशाने झाले, पंप पंचायतीच्या ताब्यात असताना पॅनेल उघडू कोणी दिले, हे सर्व लेखापरीक्षणात किंवा चौकशीत ठरेल. मला काळजी त्या वाक्याची वाटते. ‘चालू करून पाहिला असता जळालेली आढळली’ असे इतिवृत्तात लिहिले गेले आहे. ते आता खोडू नका, कारण समितीने सभेत तसेच सांगितले होते. पंचायतीच्या विशेष सभेत पाणीवाल्याचे लेखी निवेदन, वायरमनने फ्यूज बदलल्याची तारीख आणि मेगरचे वाचन, ही तीन कागदपत्रे नोंदवून घ्या.

तोवर पाण्याचे पाहा. जवळपास पाणी असलेली खासगी विहीर असेल तर तिच्या अधिग्रहणाचा प्रस्ताव पंचायत समितीमार्फत पाठवा. टँकरच्या प्रस्तावाला पाहणी लागते, त्यात दिवस जातात.

माळवाट

सर्वांचे मनापासून आभार. महिलांच्या सभेबद्दल विचारले. ती कागदावर झाली आहे, प्रत्यक्षात झाली असे सांगणारी बाई मला अजून भेटली नाही.

सरपंचबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी पंचायतीच्या विशेष सभेची नोटीस काढली आहे. अण्णांनी ती वाचून पूर्ण दिवस कोणत्या वेळेपासून मोजायचा असे विचारले, तेव्हा सरपंचबाईंनी सभा आणखी एक दिवस पुढे ठेवली, म्हणजे त्यांचीही हरकत राहणार नाही. तात्यांनी आपल्या विहिरीचे पाणी आजपासून द्यायचे कबूल केले आहे, मात्र अधिग्रहणाचा कागद आधी हातात मिळावा असे ते म्हणतात.

मेगर तालुक्याहून उद्या सकाळी येईल. वाचन कळताच येथे लिहितो. गुंडाळी, मेगरचे वाचन घेताना केबल पॅनेलमधून सोडवून घ्यायची की तशीच ठेवायची, एवढे रात्रीपर्यंत सांगाल का?

गुंडाळी

सोडवून घ्या. पॅनेलला जोडलेली ठेवली तर पॅनेलमधला दोषही वाचनात येईल आणि विनाकारण मोटर वर काढाल. त्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवा, आणि पाणीवाल्याला तेथेच उभे करा.